तरतूद होती, सही होती, माल आला. तरी आक्षेप?

टेबल_नंबर_तीन
नमस्कार मंडळी. जूनमध्ये बदली होऊन एका जिल्हा कार्यालयात लेखा शाखेत आलो. (राज्य शासनाचा विभाग, नाव विचारू नका.) ऑगस्टमध्ये महालेखापालांचं पथक येऊन गेलं आणि माझ्या हातात एक अर्धसमास पत्र ठेवून गेलं. खरेदी माझ्या आधीची, उत्तर मात्र मला लिहायचंय.

प्रकरण असं. अभिलेख कक्षासाठी लोखंडी रॅक घेतले. एकूण सहा आदेश, प्रत्येकी १६ रॅक, दर ५,९००, म्हणजे प्रत्येक आदेश ९४,४०० चा. सहाचे मिळून ५,६६,४००. शिवाय त्याच खोलीत विटांची आडभिंत आणि शटर, ७८,०००. सगळं '१३ कार्यालयीन खर्च' या उद्दिष्टाखाली टाकलंय. त्या उद्दिष्टाखाली वर्षभरात आम्हाला ९ लाख मिळाले, फेब्रुवारीअखेर २,४०,००० खर्च झाला होता. म्हणजे ६,६०,००० शिल्लक, खर्च ६,४४,४००. उलट १५,६०० उरलेच.

विभागाच्या आदेशानुसार आमच्या कार्यालयप्रमुखांना अशा खरेदीत १ लाखापर्यंत अधिकार आहे, त्यापुढे १० लाखांपर्यंत प्रादेशिक प्रमुखांना. प्रत्येक आदेश १ लाखाच्या आत आहे. सही आहे, पावती आहे, रॅक तर डोळ्यांसमोर आहेत, मी त्यांना टेकूनच हे लिहितोय.

तरी आक्षेप: 'सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेविना खर्च'. तरतुदीच्या आत असताना हे कसं?

मार्चएंड
सहा वेळा ९४,४००! आदेश काढताना साहेबांनी कॅल्क्युलेटर एका हातात आणि अधिकारमर्यादा दुसऱ्या हातात धरली होती, हे न बघताही कळतं.

बाळबोध
मला तर आक्षेप टिकेल असं वाटत नाही. कोषागारात बिल गेलं, त्यांनी तपासलं, पास केलं. चुकीचं असतं तर तिथेच परत आलं असतं. आमच्याकडे सही अर्धा सेंटिमीटर चुकली तरी बिल परत येतं. बीम्सवर तरतूद दिसत असल्याशिवाय बिल निघतच नाही. तुम्ही उत्तरात 'कोषागाराने देयके पारित केली आहेत' एवढंच लिहा.

जुनी_नस्ती
बाळबोध, हे लिहिलंत तर पथकातला माणूस हसेल आणि आक्षेप आणखी घट्ट करेल. कोषागार एका वेळी एक बिल बघतं. त्या शीर्षाखाली पैसे आहेत का, सोबत मान्यता जोडली आहे का, सही नमुन्याशी जुळते का, बेरीज बरोबर आहे का. सहा बिलं सहा वेगवेगळ्या वेळी आली तर त्या सहांची मिळून एक मागणी होती की सहा, हे त्याच्यापुढे येतच नाही. बीम्सचंही तेच. ते थैलीत किती नाणी उरली ते सांगतं. ती नाणी कोणाच्या परवानगीने काढायची ते सांगत नाही.

मी निवृत्तीपर्यंत या कामात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या कायद्यातलं कलम १३ वाचा. पैसे त्या कामासाठी कायद्याने उपलब्ध होते का, त्याच कामाला लागले का, आणि खर्च ज्या अधिकाराखाली करायचा त्या अधिकाराला धरून झाला का, एवढं त्यात विचारलंय. हे प्रश्न वेगवेगळे आहेत. एकाचं उत्तर 'हो' आलं म्हणून बाकीच्यांचं येत नाही. टेबल_नंबर_तीन यांनी तरतुदीचं उत्तर दिलंय, विचारलंय मात्र मान्यतेबद्दल.

आता मला दोन गोष्टी सांगा. नस्तीत पहिली टिप्पणी काय म्हणते? आणि जडवस्तू नोंदवहीत रॅकची नोंद कशी आहे?

सडेतोड
हा सगळा कागदांचा खेळ आहे. रॅक आले ना? चोरी झाली नाही ना? मग कोणाचं नुकसान झालं? ज्याने सहा आदेश काढले त्याला माहीत होतं की प्रादेशिक कार्यालयात प्रस्ताव पाठवला तर एप्रिल उजाडेल आणि निधी व्यपगत होईल. माझ्या मते त्या माणसाने काम केलं. लेखापरीक्षकाला शासनाचं काम चालवायचं नसतं, त्याला फक्त परिच्छेद लिहायचा असतो.

वहीपेन
मी शिक्षिका आहे. माझं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल अडकलंय, तीन वर्षं होत आली. मंजुरीचा आदेश हातात आहे, रक्कम पूर्ण मंजूर. बिल पाठवलं की 'अनुदान उपलब्ध नाही' म्हणून परत. मंजूर झालेला पैसा शासन देत नाही, याबद्दल लेखापरीक्षणात तक्रार करता येते का? कोणाला लिहायचं?

मार्चएंड
वहीपेनताई, इथे तुमच्या उलटं प्रकरण चाललंय. तुमच्याकडे मान्यता आहे, पैसा नाही. यांच्याकडे पैसा होता, मान्यता नाही. दोघांनी मिळून एक बिल टाका.

जुनी_नस्ती
विनोद सोडा, ताईंचं प्रकरण याच धाग्यात बसतं. मंजुरी म्हणजे खर्च करण्याचा अधिकार. तो अधिकार तरतूद मिळाल्यावरच वापरता येतो. तुमच्या आदेशाच्या शेवटी 'उपलब्ध अनुदानाच्या मर्यादेत' किंवा तसल्या अर्थाचं एक वाक्य असेल, बघा. कार्यालयाने पैसे दिले नाहीत यात लेखापरीक्षण काही करणार नाही. त्याचं काम झालेला खर्च तपासणं आहे, न झालेला करून देणं नाही. तुम्ही आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना विचारा की प्रलंबित दायित्व म्हणून तुमची रक्कम पुढच्या अंदाजपत्रकाच्या मागणीत दाखवली होती का. बहुतेक वेळा मागणीच केलेली नसते. आणि तेवढ्या जुन्या आदेशाचं पुनरुज्जीवन करावं लागेल का तेही विचारून ठेवा.

वहीपेन
धन्यवाद. शेवटी ते वाक्य आहे. तीन वर्षं मी फक्त रक्कम वाचत होते.

टेबल_नंबर_तीन
जुनी_नस्ती काका, आज नस्ती उघडली. १४ मार्चची पहिली टिप्पणी आहे: 'अभिलेख कक्षाचे स्थलांतरण झाले असून ९६ रॅकची आवश्यकता आहे.' त्याखाली साहेबांचा शेरा: 'अधिकारमर्यादेत राहून कार्यवाही करावी.'

आदेश १८ मार्चला दोन, २० ला दोन, २४ ला दोन. पुरवठादार एकच. जडवस्तू नोंदवहीत २९ मार्चला एकाच ओळीत ९६ रॅक. चलनही एकच आहे. सहा बिलांना त्याच चलनाच्या छायाप्रती जोडल्यात.

मार्चएंड
'अधिकारमर्यादेत राहून कार्यवाही करावी.' हा शेरा चौकटीत बसवून अभिलेख कक्षातच लावा. ९६ रॅक आहेतच टेकू द्यायला.

जुनी_नस्ती
संपलं. आक्षेप तुमच्याच कागदांनी लिहिलाय. पथकातला मुलगा आधी प्रमाणकांची यादी पुरवठादाराप्रमाणे लावतो. एकाच नावापुढे अधिकारमर्यादेच्या जरा खालच्या रकमा ओळीने दिसल्या की तो नस्ती मागतो. नस्तीत गरज किती होती ते बघतो. गरज ९६ ची असेल तर मान्यता ९६ च्या किमतीला लागते, आदेश कितीही कागदांवर लिहा. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम १५७ हेच म्हणतो: वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मान्यता टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करायचे नाहीत. तो नियम केंद्राचा खरा, पण आपल्याकडच्या खरेदीच्या सूचनांचाही रोख तोच आहे. ५,६६,४०० ची एक मागणी, म्हणजे प्रादेशिक प्रमुखांची मान्यता हवी होती.

गरजा खरोखर वेगळ्या असत्या तर गोष्ट वेगळी. जुलैत एका शाखेने १६ मागितले, डिसेंबरमध्ये दुसरीने १६ मागितले, प्रत्येकाचं मागणीपत्र स्वतंत्र, तर कोणी काही बोलू शकत नाही.

खडूस_लेखाधिकारी
काकांशी सहमत, पण त्यांच्याकडून एक गोष्ट सुटली. टेबल_नंबर_तीन, ९ लाख एकदम मिळाले की हप्त्याने? शेवटचं वितरण कोणत्या तारखेचं?

टेबल_नंबर_तीन
आधी ६,५०,००० होते. उरलेले २,५०,००० बीम्सवर २७ मार्चला आले.

खडूस_लेखाधिकारी
मग मांडून बघा. २४ मार्चच्या सकाळी तुमच्याकडे ६,५०,००० वजा २,४०,००० म्हणजे ४,१०,००० होते. पहिले चार आदेश ३,७७,६०० चे, ते बसले. पाचवा आदेश काढला तेव्हा आकडा ४,७२,००० वर गेला, सहाव्याला ५,६६,४००. म्हणजे शेवटचे दोन आदेश काढले त्या दिवशी १,५६,४०० चं दायित्व हातात वितरण नसताना घेतलं. तीन दिवसांनी पैसे आले म्हणून झाकलं गेलं. आलेच नसते तर?

त्यामुळे 'आम्ही तरतुदीच्या आत होतो' हे वाक्य उत्तरात लिहिताना जपून. वर्षअखेरीला बेरीज आत आहे, आदेशाच्या तारखेला नव्हती. पथकाने हे काढलं नसेल तर तुम्ही ते वाक्य लिहून त्यांना बघायला लावाल.

बाळबोध
ठीक आहे, कोषागाराबद्दल मी चुकलो. पण यावर सोपा उपाय आहे ना? कार्योत्तर मान्यता घ्यायची. आमच्या कार्यालयात दरवर्षी पाच-सहा प्रकरणं अशीच मिटतात. साहेबांनी एक आदेश काढला की आक्षेप निकाली.

जुनी_नस्ती
अर्धं बरोबर. कार्योत्तर मान्यता देता येते, पण ज्याला मुळात अधिकार होता तोच देऊ शकतो. तुमचे साहेब स्वतःच्याच अधिकाराबाहेरच्या खर्चाला नंतर मान्यता देत असतील तर त्या कागदाला रद्दीचा भाव आहे. इथे ती प्रादेशिक प्रमुखांकडून यायला हवी, एकूण ५,६६,४०० चा उल्लेख करून, आणि आधी का घेतली नाही याचं कारण लिहून. सहा आदेशांना सहा कार्योत्तर मान्यता घेतल्या तर पुन्हा तेच तुकडे.

आणि ते देतीलच असं नाही. आपल्याकडे या अधिकारांचं मूळ वित्तीय अधिकार नियमपुस्तिका १९७८ आणि त्यावरचा वित्त विभागाचा १७ एप्रिल २०१५ चा शासन निर्णय. विभागाने खाली दिलेले अधिकार त्यातूनच निघतात, त्यामुळे आधी तुमचा विभागाचा आदेश मूळ कागदावर वाचा. 'एका वेळी १ लाख' म्हटलंय की 'एका वर्षात', हे कार्यालयात तोंडी जे सांगतात ते बरेचदा चुकीचं असतं.

सडेतोड
पुन्हा विचारतो. नुकसान कुठे आहे? इतकी पोस्टं झाली, कोणी सांगितलं नाही.

जुनी_नस्ती
सडेतोड, या तपासणीत नुकसान शोधतच नाहीत. विधिमंडळ मागणीनिहाय पैसे मंजूर करतं, विनियोजन कायदा होतो, मग विभाग, मग प्रादेशिक, मग तुमचं कार्यालय अशी ती साखळी खाली येते. प्रत्येक कडीला एक हद्द आहे. मधली एक कडी कोणी उडी मारून ओलांडली तर ते नोंदवायचं, माल चांगला निघाला तरी. दर जास्त होता का, गरज होती का, हा औचित्याचा वेगळा प्रश्न.

तुमचा वेळेचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. २,५०,००० जर २७ मार्चला हातात येत असतील आणि ३१ ला व्यपगत होत असतील, तर खालच्या माणसाने नियम कसा पाळायचा, याचं उत्तर मी नोकरीत असतानाही मला कोणी दिलं नाही.

खडूस_लेखाधिकारी
उत्तर आहे: पैसे परत करायचे. प्रत्यर्पित करायचे. पुढच्या वर्षी मागायचे.

सडेतोड
आणि पुढच्या वर्षी 'गतवर्षी खर्च झाला नाही' म्हणून कपात होते, तेव्हा तुमचे नियम कुठे असतात?

खडूस_लेखाधिकारी
होते कपात, नाकारत नाही. पण रॅक नसल्याने कोणी तुरुंगात जात नाही.

फाईलबंद
धागा वाचतोय, मस्त चाललाय. अवांतर प्रश्न: एका कार्यालयाऐवजी आख्ख्या विभागानेच मंजुरीपेक्षा जास्त खर्च केला तर? तिथे कोण कोणाची कार्योत्तर मान्यता घेतं?

जुनी_नस्ती
तिथे मंत्र्यांची सहीसुद्धा पुरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०५ प्रमाणे अधिक खर्च विधिमंडळापुढेच न्यावा लागतो. विनियोजन लेख्यांत तो दिसतो, लोकलेखा समिती कारणं तपासते आणि मग सभागृह नियमित करतं. यात बरीच वर्षं जातात. मजा अशी की हिशेब मागणीनिहाय आणि त्यातही महसुली-भांडवली, दत्तमत-भारित असा वेगळा बघतात. एका बाजूला कोट्यवधी शिल्लक असले तरी दुसऱ्या बाजूचा एक रुपया जास्त हा जास्तच. महसुलीतून भांडवलीत पुनर्विनियोजन करताच येत नाही.

टेबल_नंबर_तीन
यावरून आठवलं. आडभिंतीच्या ७८,००० बद्दल कोणीच बोललं नाही. पथकानेही काही लिहिलेलं नाही. ते तरी ठीक आहे ना? आदेश २८ मार्चचा, म्हणजे वितरण आल्यावरचा. रॅकनंतर ९३,६०० उरले होते, त्यात बसतो.

खडूस_लेखाधिकारी
तारीख ठीक, रक्कम अधिकारात. पण विटांची भिंत आणि शटर हा कार्यालयीन खर्च कधीपासून झाला? ते '२७ लहान बांधकामे'. तुमच्याकडे २७ खाली किती होते?

टेबल_नंबर_तीन
शून्य.

मार्चएंड
भिंत बांधली, पायाच नाही.

खडूस_लेखाधिकारी
म्हणजे त्या कामासाठी तरतूदच नव्हती. शेजारच्या डब्यात होती म्हणून तिथून घेतली. माझ्या मते रॅकपेक्षा हे चोख प्रकरण आहे, कारण तुकड्यांबाबत निदान वाद घालता येतो. १३ मधून २७ मध्ये पुनर्विनियोजन करता आलं असतं. मागणी तीच, दोन्ही महसुली. पण ते सक्षम प्राधिकाऱ्याकडून आणि ३१ मार्चच्या आत. वर्ष संपल्यावर पुनर्विनियोजन नसतं. मासिक ताळमेळात चूक सापडली असती तर लेखे बंद होण्याआधी दुरुस्ती झाली असती. आता ती वेळ गेली असणार.

बाळबोध
पण पथकाने विचारलंच नाही ना? मग आपणहून कशाला सांगायचं? विचारलं तेवढ्याचं उत्तर, हा पहिला धडा मला नोकरीत मिळाला.

जुनी_नस्ती
या बाबतीत मी बाळबोधच्या अर्ध्या बाजूने आहे. अर्धसमास पत्राचं उत्तर त्यातल्या मुद्द्याला द्यावं. खोटं लिहू नये आणि भाषण करू नये. पण कार्यालयात वरिष्ठांना मात्र लेखी कळवा, म्हणजे निरीक्षण अहवालात तो मुद्दा आला तर तुम्ही तोंड लपवत नव्हता हे दिसेल. खरेदी तुमच्या काळातली नाही, हेही टिप्पणीत तारखांसह येऊ द्या. उत्तर कार्यालयाचं असतं, जबाबदारी मान्यता देणाऱ्याची.

रॅकच्या उत्तरात 'तातडी होती' लिहू नका, १४ मार्चची टिप्पणी स्थलांतरण 'झाले असून' म्हणते. वस्तुस्थिती मान्य करा, एकत्रित कार्योत्तर मान्यतेचा प्रस्ताव प्रादेशिक कार्यालयाला पाठवल्याचा जावक क्रमांक द्या. तेवढ्याने आक्षेप लगेच जाणार नाही, पण 'कार्यवाही सुरू' म्हणून तो मोठ्या अहवालात जाण्याआधी मिटायची संधी राहते.

सडेतोड
काका, हे मात्र उपयोगी लिहिलंत. सुरुवातीपासून एवढंच लिहायला हवं होतं.

टेबल_नंबर_तीन
मंडळी, प्रस्ताव टाईप करताना दरपत्रकं पुन्हा काढली. एक गोष्ट दिसली, ती लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

याच पुरवठादाराचं १५ मार्चचं दरपत्रक नस्तीत आहे. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'एकाच आदेशात ५० पेक्षा जास्त नग घेतल्यास दर ५,४००.' म्हणजे नगामागे ५००, ९६ नगांवर ४८,०००. पथकाने ते पान बघितलं की नाही, माहीत नाही. पत्रात उल्लेख नाही. सडेतोड नुकसान विचारत होते.

सडेतोड
...ठीक आहे. मी गप्प.

मार्चएंड
मी दरवेळी काहीतरी बोलतो, पण आज खरंच सुचत नाही. ४८,००० मध्ये भिंतीचा अर्ध्याहून जास्त खर्च निघाला असता.

बाळबोध
मी असतो तर पान तसंच राहू दिलं असतं. नस्ती त्यांनी बघितलीय. त्यांना दिसलं नाही तो त्यांचा दोष.

खडूस_लेखाधिकारी
कार्योत्तर मान्यतेच्या प्रस्तावात दरपत्रकांची तुलना लावावीच लागेल. ते पान वगळून लावलंत तर आतापर्यंत जी चूक दुसऱ्याची होती ती तुमची होईल. आणि लावलंत तर प्रादेशिक प्रमुख मान्यता देतील याची खात्री मला नाही. ४८,००० कोणाकडून वसूल करायचे, हा प्रश्न ते आधी विचारतील.

जुनी_नस्ती
खडूस यांचं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याबद्दल मला वाटतं वसुलीचं लगेच निघणार नाही, ते साहेब कधी निवृत्त होतायत त्यावर बरंच आहे. टेबल_नंबर_तीन, ते केव्हा निवृत्त होतायत?

टेबल_नंबर_तीन
झाले. ३१ मेला.

वहीपेन
बापरे. दादा, ते पान लावा हो. मी तीन वर्षं शेवटची ओळ वाचली नव्हती, त्याची किंमत मला कळलीय.

टेबल_नंबर_तीन
पानाला पृष्ठ क्रमांक ११ आहे, नस्तीतून काढलं तर १० नंतर १२ येईल. प्रस्तावाला परिशिष्ट म्हणून लावतोय. उद्या सहीला ठेवतो, नवीन साहेब काय शेरा मारतात ते इथे कळवेन.